मॅपमधला झोत पुन्हा पुन्हा उलटा पडतोय? आधी कव्हरची चुंबकी पट्टी बघा

मॅप उघडला की निळा ठिपका अगदी बरोबर जागी असतो, पण त्यातून निघणारा निळा झोत तुमच्या पाठीमागे पडलेला असतो. तुम्ही झोताच्या दिशेने चालायला लागता आणि ठिपका नेमका विरुद्ध बाजूला सरकतो. मग कोणीतरी सांगितलेलं आठवतं, फोन हवेत फिरवून आठ काढता, झोत सुधारतो. तासाभराने पुन्हा तेच.

एकदाच बिघडलेल्या दिशेबद्दल हे नाही. आठ काढला, बरं झालं, विषय संपला, असं ज्यांचं होतं त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. ज्यांचा झोत दर दोन-चार तासांनी फिरतो आणि ज्यांच्या फोनला पाकिटासारखं उघडमीट होणारं कव्हर आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. ठिपका कुठे आहे हे उपग्रहांवरून कळतं, झोत कुठे वळलाय हे फोनमधल्या होकायंत्रावरून. ठिपका शेजारच्या गल्लीत दिसत असेल तर तो जीपीएसचा प्रश्न, आणि आठ कितीही काढले तरी त्यात फरक पडणार नाही. ठिपका जागेवर आणि फक्त झोत चुकीचा, तर दोष होकायंत्राकडे. गाडी चालू असताना हा दोष बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण तुम्ही वेगात असलात की मागचा ठिपका आणि पुढचा ठिपका जोडून मॅपला दिशा कळते, होकायंत्राची गरज उरत नाही. थांबलात, किंवा पायी निघालात, की मग होकायंत्रावर भिस्त. म्हणून "रस्त्यात बरोबर चालतो, पण निघताना पहिलं वळण हमखास चुकवतो" ही तक्रार ऐकली की मी फोन मागून घेण्याआधी कव्हर कसलं आहे ते विचारतो.

ही सवय लागली माझ्या काकांमुळे, आणि माझ्याच एका चुकीमुळे.

चुलतबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला काका पेठांमधून पायी फिरत होते. टिळक रोडवर स. प. महाविद्यालयाच्या दारात उभे राहून त्यांनी फोन केला, "अरे, मला अलका टॉकीजकडे जायचंय आणि हा झोत स्वारगेटकडे दाखवतोय. माझा जन्म गेला या रस्त्यावर म्हणून कळलं तरी. पुढे कोथरूडला गेलो की मी काय करू?" मी फोनवरच आठ काढायला सांगितला. त्यांनी विचारलं, "कुठला आठ, मराठी की इंग्रजी?"

हसू नका, प्रश्न रास्त होता. आपला ८ म्हणजे वर उघडा राहिलेला एक वळसा, इंग्रजी आठ म्हणजे एकमेकांवर बसलेली दोन वेटोळी. सूचना वाचून मराठी ८ गिरवणारी माणसं मी नंतरही पाहिली. इंग्रजी आठ, पण आडवा, असं काकांना सांगितलं. पाच मिनिटांनी "झालं रे सरळ" असा निरोप आला. संध्याकाळी घरी आले ते चिडूनच. दिवसभरात चार वेळा आठ काढला होता आणि चारही वेळा झोत पुन्हा फिरला होता.

फोन हातात घेतला. नवंकोरं, तपकिरी, पाकिटासारखं कव्हर. उजवीकडून येणारी पट्टी आणि तिच्या टोकाला चपटं चुंबक. मी म्हटलं, सापडलं. "काका, कव्हर काढा बरं." त्यांनी नाखुशीने काढलं, कारण सव्वातीनशे रुपये देऊन कालच घेतलं होतं. आम्ही गच्चीवर गेलो, मॅप उघडला, आणि झोत अजूनही उलटाच! कव्हर तर खाली दिवाणखान्यात पडलेलं. मी निष्कर्ष काढला की कव्हरचा काही संबंध नाही, फोनचा सेन्सरच गेलाय. काकांनी विजयी मुद्रेने कव्हर परत चढवलं.

कव्हरचाच संबंध होता. माझी चाचणी चुकली होती. ती का चुकली हे कळलं की हा अख्खा प्रकार उलगडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोनच्या होकायंत्रात सुई नसते. मॅग्नेटोमीटर नावाची एक बारीक चिप असते आणि ती तीन दिशांना चुंबकीय क्षेत्र किती आहे ते सतत मोजत असते. पृथ्वीचं क्षेत्र फार दुबळं आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात ते एकूण सुमारे ४३ मायक्रोटेस्ला भरतं. त्यातला काही भाग जमिनीत घुसणारा असतो. उत्तर कुठे हे ज्यावरून कळतं तो जमिनीला समांतर भाग ३८च्या आसपास उरतो. आता फोनच्या आतच स्पीकरचं चुंबक असतं, पोलादी तुकडे असतात, कव्हरला पट्टी असते. हे सगळं त्या ३८मध्ये आपली भर घालत असतं. चिपला पृथ्वी कुठली आणि पट्टी कुठली हे कळत नाही, तिला फक्त बेरीज दिसते.

मग बेरजेतून पट्टीचा वाटा वेगळा कसा काढायचा? इथे आठ उपयोगी पडतो. तुम्ही फोन फिरवता तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र फोनच्या दृष्टीने दिशा बदलत राहतं, कधी वरून येतं, कधी बाजूने, कधी पाठीमागून. पण फोनला चिकटलेलं चुंबक फोनबरोबरच फिरतं, त्यामुळे फोनच्या दृष्टीने ते जागचं हलतच नाही. फोन सगळीकडून फिरवून झाला की जे बदलत राहिलं ते पृथ्वीचं आणि जे ठाम राहिलं ते चिकटलेल्या चुंबकाचं, असा हिशोब फोन लावतो आणि ठाम राहिलेला आकडा लक्षात ठेवून पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करतो. कॅलिब्रेशन म्हणजे ही वजावट.

या वजावटीची एक अट आहे: चुंबक फोनला खरोखर चिकटलेलं पाहिजे. स्पीकरचं चुंबक चिकटलेलं असतं, त्यामुळे ते कधी त्रास देत नाही. पण पाकीट-कव्हरची पट्टी? बंद असताना ती फोनच्या एका बाजूला असते, उघडली की हवेत लोंबते, आणि पुढचा पुठ्ठा पूर्ण मागे दुमडून फोन एका हातात धरला, जसा रस्त्यात उभं राहून मॅप बघताना आपण सगळेच धरतो, की चुंबक फोनच्या पाठीवर जाऊन बसतं. एकाच चुंबकाचे तीन पत्ते. फोनने वजावट शिकलेली असते त्यातल्या एकाच पत्त्याची.

काकांचं काय होत होतं? रस्त्यात पुठ्ठा मागे दुमडून आठ काढायचे. फोन शिकायचा की पाठीवर मोठं चुंबक आहे, ते वजा कर. झोत सरळ. मग कव्हर बंद करून फोन खिशात. पुढच्या घरी पत्रिका देऊन बाहेर आले की कव्हर उघडायचं, या वेळी पुठ्ठा लोंबता ठेवून, कारण दुसऱ्या हातात पत्रिकांचा गठ्ठा. चुंबक तिथे नाही, पण फोन इमानेइतबारे वजावट चालूच ठेवतो. नसलेलं चुंबक वजा करणं म्हणजे तेवढ्याच ताकदीचं, उलट्या तोंडाचं चुंबक बसवण्यासारखं आहे. झोत फिरला.

गच्चीवर माझं नेमकं हेच झालं. कव्हर काढलं म्हणजे चुंबक गेलं, पण वजावट फोनच्या डोक्यात होतीच. कव्हर काढल्यावर आठ पुन्हा काढायला हवा होता, आणि मग निष्कर्ष. अँड्रॉइड फोन ही वजावट गुपचूप स्वतःही सुधारत राहतो, पण त्यासाठी फोनची पुरेशी हालचाल व्हावी लागते. टेबलावर पडलेल्या फोनला काही शिकता येत नाही. म्हणून कधी आपोआप बरं होतं, कधी होत नाही, आणि माणूस चक्रावतो.

आठवडाभराने मी नीट मोजमाप केलं. तुम्हालाही करता येईल, दहा मिनिटांचं काम आहे. phyphox नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. त्यात मॅग्नेटोमीटरचा प्रयोग उघडला की तीन दिशांचे आकडे दिसतात आणि एकूण क्षेत्राचाही आकडा मिळतो. आपल्याला हा एकूण आकडा हवा.

आधी कव्हर काढून बाजूला ठेवा, चांगलं हातभर लांब. मोकळ्या जागी आठ काढा. आता फोन सावकाश उलटासुलटा करत आकडा बघा. महाराष्ट्रात तो ४३च्या आसपास असला पाहिजे, आणि महत्त्वाचं म्हणजे फोन कसाही धरला तरी फार बदलता कामा नये. कारण पृथ्वीचं क्षेत्र तेच आहे, तुम्ही फक्त फोन वळवताय. उभा धरल्यावर ३० आणि आडवा धरल्यावर ६० दिसत असेल तर वजावट अजून चुकीची आहे, पुन्हा आठ काढा. एकदा आकडा स्थिर झाला की फोन लाकडी टेबलावर ठेवा आणि त्याला न हलवता कव्हर जवळ आणा. पट्टी जिथे जिथे येते तिथे तिथे ती धरून बघा.

काकांच्या फोनवर पुठ्ठा लोंबता असताना आकडा ४३वरून ४९ झाला, म्हणजे नगण्य. कव्हर बंद केल्यावरच्या जागेला ९५. मागे दुमडल्यावरच्या जागेला २०८. तुमच्या फोनवर आकडे वेगळे येतील, कारण चिप प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या ठिकाणी असते. बहुतेकांत वरच्या भागात, कॅमेऱ्याच्या आसपास, पण पैज लावू नका. पट्टीचं टोक फोनच्या पाठीवरून सावकाश सरकवलं की जिथे आकडा सर्वांत जास्त उसळतो त्याच्या खाली चिप आहे असं समजा.

हा शोध घेण्यासारखा आहे, कारण लहान चुंबकाचा जोर अंतराच्या घनाने घटतो. चिपपासून २ सेंटिमीटरवरचं चुंबक ४ सेंटिमीटरवर नेलं की त्याचा परिणाम निम्मा नाही, एक अष्टमांश होतो. ८ सेंटिमीटरवर चौसष्टावा भाग. म्हणूनच दोन मैत्रिणींकडे हुबेहूब सारखं कव्हर असतं, एकीचा झोत वेडावाकडा आणि दुसरीचा ठणठणीत, कारण दुसरीच्या फोनमध्ये पट्टी दुमडल्यावर चिपपासून चार बोटं लांब पडते.

किती चुंबकाने किती चूक होते याचाही हिशोब सोपा आहे. समजा चुकीची वजावट २० मायक्रोटेस्लाची आहे आणि ती उत्तरेशी काटकोनात आहे. आपल्या ३८च्या जोडीला ती झोत सुमारे २८ अंश वळवेल. मॅप बघताना शंका येईल, पण रस्ता चुकणार नाही. वजावट ३८ची झाली तर ४५ अंश, आता चौकात गल्लत होणार. त्याहून वाढली की गंमत सुरू होते: खोटं क्षेत्र खऱ्यापेक्षा वरचढ ठरतं आणि तुम्ही स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतलीत तरी झोत गिरकी घेतच नाही. ७६च्या चुंबकापुढे झोत एका बाजूला जेमतेम ६० अंशांच्या पट्ट्यात इकडेतिकडे डोलत राहतो.

ही सर्वांत भरवशाची खूण आहे आणि तिला अ‍ॅपही लागत नाही. फोन आडवा, स्क्रीन आकाशाकडे, आणि तुम्ही जागच्या जागी सावकाश एक प्रदक्षिणा घाला. झोत तुमच्याबरोबर पूर्ण फिरला पण सगळीकडे थोडा थोडा चुकला, तर किरकोळ गडबड आहे, आठाने जाईल. झोत आधी तुमच्याबरोबर वळला आणि मग दोन-तीन सेकंदांत सरपटत जुन्या जागी परत गेला, तर जवळ दांडगं चुंबक आहे. आधी वळतो तो गायरोस्कोपमुळे, कारण फोन वळल्याचं त्या सेन्सरला लगेच कळतं. मग होकायंत्र त्याला खेचून आपल्या चुकीच्या उत्तराकडे आणतं. आणि ठिपक्याला झोतच नसेल, नुसता गोल असेल, तर फोनमध्ये मॅग्नेटोमीटर आहे का ते आधी तपासा. बऱ्याच स्वस्त फोनांत तो दिलेलाच नसतो, आणि मग आठ काढणं म्हणजे नुसता हाताचा व्यायाम.

आता आठ कसा काढायचा ते, कारण निम्मे लोक तो चुकीचा काढतात. पाटीवर गिरवल्यासारखा, फोन एकाच पातळीत ठेवून काढलेला आठ जवळजवळ निरुपयोगी आहे. फोन जागा बदलतो, पण दिशा बदलत नाही, आणि फोनला शिकायला दिशाच लागतात. मनगट वळलं पाहिजे. हात कोपरात किंचित वाकवून फोन समोर धरा, आडवा आठ काढताना एका वेटोळ्यात स्क्रीन आकाशाकडे वळू द्या, दुसऱ्यात जमिनीकडे. तीन-चार आठ झाले की फोनची वरची कड एकदा वर आणि एकदा खाली करून घ्या. खरं सांगायचं तर आठाच्या आकारात काही जादू नाही. फोन सगळ्या बाजूंनी वळला पाहिजे एवढंच. आठ काढताना मनगट आपोआप तसं वळतं म्हणून आठ. काकांनी मराठी ८ जरी मनगट वळवून काढला असता तरी चाललं असतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

फिरवण्याची गती सावकाश ठेवा, एका आठाला दोन-तीन सेकंद. जागा महत्त्वाची आहे. कारमध्ये बसून, स्कूटरच्या सीटवरून, लोखंडी कपाटाशेजारी किंवा लिफ्टच्या दारात आठ काढू नका. तिथे फोन हलवला की लोखंड कधी जवळ कधी लांब होतं, म्हणजे जे ठाम राहायला हवं तेच बदलत राहतं आणि फोन चुकीचं शिकतो. इमारतीतल्या स्लॅबमध्येही सळया असतात. त्यामुळे खाली उतरा, पार्किंगपासून पाच-सहा पावलं लांब उभे राहा.

अँड्रॉइडवर गुगल मॅपमध्ये निळ्या ठिपक्यावर टिचकी मारली की `Calibrate` दिसतं. ते उघडून आठ काढला तर दिशेची अचूकता कितपत आहे तेही कळतं. झोताची रुंदी हाही एक इशारा आहे. झोत पसरट असेल तर फोनला स्वतःलाच खात्री नाही, अरुंद असेल तर आहे. पण सावध राहा: नसलेल्या चुंबकाची वजावट करणारा फोन कधी कधी अगदी अरुंद, आत्मविश्वासाने भरलेला झोत चुकीच्या दिशेला टाकतो. आयफोनमध्ये आठ सहसा मागितला जात नाही, तो चालताफिरता स्वतःच शिकतो, मात्र त्यासाठी `Settings > Privacy & Security > Location Services > System Services` मधलं `Compass Calibration` चालू असावं लागतं. बॅटरी वाचवायला म्हणून कोणीतरी ते बंद करून ठेवलेलं असण्याची शक्यता असते, तेवढं बघून घ्या.

मग कव्हरचं करायचं काय? सगळ्यांत सरळ उत्तर म्हणजे चुंबक नसलेलं कव्हर घ्या. दुकानदार "नाही हो, यात चुंबक नाही" असं सांगेल. तेव्हा पट्टीला टाचणी लावून बघा, चिकटली तर चुंबक आहे. तेच कव्हर ठेवायचं असेल तर एकच सवय पुरते: मॅप बघताना पट्टी दर वेळी एकाच जागी ठेवा, आणि आठ काढतानाही त्याच जागी. लोंबती ठेवायची तर नेहमी लोंबती. दुमडायची तर नेहमी दुमडलेली. पण दुमडल्यावर आकडा शेकड्यात जात असेल तर मी दुमडण्याच्या वाटेला जाणार नाही. चुंबक पाठीवर दोन मिलिमीटर सरकलं तरी एवढ्या जवळून वजावट पुन्हा चुकते, आणि कापडी-चामडी पट्टी दोन मिलिमीटर सरकतेच. पट्टीतलं चुंबक ब्लेडने उसवून काढणारे लोकही आहेत. कव्हर जुनं असेल तर खुशाल काढा. मात्र काही कव्हरांत दुसरंही एक बारीक चुंबक पुढच्या पुठ्ठ्यात असतं, कव्हर मिटलं की स्क्रीन बंद करणारं. ते काढलंत तर स्क्रीन आपोआप बंद होणार नाही.

कव्हर चढवलेलं नसूनही हाच त्रास होत असेल तर फोनच्या पाठीला काय चिकटवलंय ते बघा. गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी लावलेली पोलादी चकती ही नेहमीची गुन्हेगार. ती स्वतः चुंबक नसते, पण रोज होल्डरला चिकटून चिकटून चुंबकत्व धरते, आणि किती धरलंय ते बदलत राहतं. बोटात अडकवायच्या रिंगचंही तेच. ती फिरते, म्हणजे तिचाही पत्ता बदलतो.

परदेशातल्या मंडळींसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लंडनमध्ये पृथ्वीच्या क्षेत्राचा बराचसा भाग जमिनीत घुसतो आणि दिशा दाखवणारा आडवा भाग २०च्या आसपासच उरतो, आपल्या निम्मा. त्यामुळे इथे २८ अंश चुकवणारी वजावट तिथे ४५ अंश चुकवते. पुण्यात बरं चाललेलं कव्हर तिकडे गेल्यावर का बिघडलं, याचं उत्तर हे. दुसरं, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो. महाराष्ट्रात तो एका अंशापेक्षाही कमी आहे, विसरला तरी चालतो. सिएटलला तो १५ अंशांच्या घरात जातो. मॅप हा फरक स्वतः दुरुस्त करतो, पण आयफोनच्या होकायंत्राच्या सेटिंगमध्ये `Use True North` बंद असेल तर होकायंत्र आणि मॅप एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि तिथे कितीही आठ काढले तरी जुळणार नाहीत, कारण दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजं असतात. वीज पडलेल्या माथ्यावरचे खडक तर चांगलेच चुंबकीय होऊन बसतात. फोन कातळावर ठेवून दिशा बघू नका आणि तिथे आठही काढू नका. उभं राहून, छातीच्या उंचीवर धरून बघा. एवढ्या दुबळ्या क्षेत्राला आजूबाजूच्या गोष्टींचा किती त्रास होतो याचा आपल्याकडचा जुना नमुना म्हणजे कुलाब्याची वेधशाळा. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदींचं काम तिथून थेट समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं गेलं. १९०४ साली तिथली नोंद सुरू झाली, आणि इमारतीसाठी चुंबकीय नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. एका ट्रामसाठी त्यांनी खाडी ओलांडली, आपल्याला एक पट्टी सरळ ठेवायची आहे.

काकांचं कव्हर अजून तेच आहे. पट्टीतलं चुंबक काढू दिलं नाही, सव्वातीनशे रुपये. पुठ्ठा लोंबता ठेवून मी खाली मोकळ्या जागी एकदा नीट आठ काढून दिला आणि पुठ्ठा मागे दुमडायचा नाही असं बजावलं. उरलेल्या पत्रिका कोथरूडला आणि कर्वेनगरला पोचल्या. मधे एकदा फोन आला, "पुन्हा फिरलाय रे." मी विचारलं, पुठ्ठा कुठे आहे? पलीकडे क्षणभर शांतता, मग कव्हर उलटल्याचा फट् असा आवाज, आणि "हां, आता आला."